इश्क एकट्याचा, मोहब्बत दोघांची

2014 साली आलेल्या ‘डेढ इश्किया’ या चित्रपटात नसीरुद्दीन शाह प्रेमाचे सात मुक्काम सांगतात. दिलकशी, उन्स, मोहब्बत, अकीदत, इबादत, जुनून आणि शेवटी मौत. तेव्हापासून ही यादी मोबाइलवरून फिरते आहे, आणि गझलांच्या कार्यक्रमात निवेदकही ती ठसक्यात सांगतात. ऐकायला छान वाटते. त्यातून समज मात्र असा होतो की उर्दू शायराच्या हाताशी प्रेमाची एक मोजपट्टी असते. भावना किती चढली ते बघायचं आणि त्या खुणेवरचा शब्द उचलायचा.

अशा याद्या जुन्याच आहेत. नैशापूरचा अरबी कोशकार सआलिबी अकराव्या शतकात वारला. त्याच्या शब्दसंग्रहात प्रेमाच्या चढत्या श्रेणी दिल्या आहेत. त्याची सुरुवात ‘हवा’ या शब्दाने होते. मग ‘अलाका’, मग ‘कलफ’, आणि चौथ्या पायरीवर ‘इश्क’. पुढेही बऱ्याच पायऱ्या आहेत आणि शेवट ‘हुयाम’वर, म्हणजे वेडात रानोमाळ भटकण्यावर होतो. चित्रपटाच्या यादीशी ही यादी जवळपास कुठेच जुळत नाही. सआलिबीने इश्कची केलेली व्याख्या मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘हुब’ नावाच्या प्रेमाचं जे माप, ते ओलांडून जे जातं त्याला इश्क म्हणायचं, असं तो सांगतो.

शायरांनी या शिड्या फारशा मनावर घेतल्या नाहीत. मीर एका ठिकाणी विश्वाची निर्मिती मोहब्बतमधून झाली असं सांगतो आणि दुसऱ्या ठिकाणी तोच मान इश्कला देतो. इश्क आणि मोहब्बत यांत फरक नाही, असा याचा अर्थ नव्हे. फरक आहे, फक्त तो कमीजास्तीचा नाही. तो कसला आहे, हे समजायला या दोन शब्दांचा प्रवास पाहावा लागतो.

आपण यांना सरसकट फारसी शब्द म्हणतो. मुळात दोन्ही अरबी आहेत. पण ते हिंदुस्तानात अरबस्तानातून आले नाहीत, इराण आणि मध्य आशियाच्या फारसीतून आले, आणि वाटेत त्यांचं रूपही पालटलं. अरबीत मूळ उच्चार ‘महब्बा’ असा आहे. शेवटच्या आघाताचा ‘त’ झाला आणि पहिल्या ‘म’चा ‘मु’ किंवा ‘मो’ झाला तो फारसीत. म्हणजे ‘मोहब्बत’ या शब्दावर फारसीचा शिक्का स्पष्ट उमटलेला आहे. गंमत अशी की आजच्या इराणमध्ये मोहब्बतचा अर्थ बराचसा स्नेह, माया, सौजन्य असा आहे. पाहुण्याला चहा दिला तर तो यजमानाच्या ‘मोहब्बत’बद्दल आभार मानू शकतो. दिलाच्या दुखण्याला तिकडे इश्कच म्हणतात. उर्दूने मात्र मोहब्बतला प्रेमाच्या मुख्य दालनात जागा दिली.

अरबी कोशकार ‘इश्क’चं नातं ‘अशका’ नावाच्या वेलीशी जोडतात. ही वेल झाडाला विळखा घालते, त्याचा रस शोषते आणि शेवटी ते झाड वाळवून टाकते. मोहब्बतचं मूळ ‘हुब’ आणि त्याचं नातं ‘हब्ब’ म्हणजे बीज या शब्दाशी जोडलं जातं. लाहोरला ज्यांची दर्गा आहे ते सूफी हुजवीरी आपल्या ‘कश्फुल महजूब’ या फारसी ग्रंथात सांगतात की वाळवंटात पडलेलं बी मातीत दडून राहतं, ऊनपाऊस सोसतं आणि वेळ आली की उगवतं, तशीच हृदयातली मोहब्बत. ही नाती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरोत न उतरोत, शायरांच्या पिढ्यांनी ती खरी मानली, आणि आपल्या कामाची गोष्ट तेवढीच आहे. एक शब्द झाड वाळवतो, दुसरा रुजतो.

यात धर्माचाही एक पेच आहे. कुराणात प्रेमासाठी ‘हुब’, ‘महब्बत’, ‘मवद्दत’ हे शब्द येतात. ‘इश्क’ एकदाही येत नाही. त्यामुळे ईश्वरावरच्या प्रेमाला इश्क म्हणावं की नाही, यावर सूफींमध्येच वाद झाला आणि हुजवीरींनी तो नोंदवून ठेवला आहे. काहींच्या मते माणसाने ईश्वरावर इश्क करणं चालेल, पण ईश्वर माणसावर इश्क करतो असं म्हणता येणार नाही. दुसऱ्यांना तेही मान्य नव्हतं. इश्क म्हणजे मर्यादेबाहेर जाणं, आणि ईश्वराच्या बाबतीत मर्यादा ओलांडायची तरी कशी, असा त्यांचा सवाल होता. मोहब्बत हा ग्रंथमान्य शब्द होता, तर इश्कवर पहिल्यापासून संशय होता. पुढे गझलेला हा शब्द इतका प्रिय झाला त्याचं एक कारण मला या संशयातच दिसतं.

दुसरं कारण वैद्यकात आहे, आणि ते मराठी वाचकाला सहसा कुणी सांगत नाही.

1037 साली वारलेला इब्न सीना हा युनानी वैद्यकाचा मोठा आचार्य. त्याच्या ‘कानून’ या ग्रंथात डोक्याच्या विकारांमध्ये इश्कवर स्वतंत्र प्रकरण आहे. मालीखूलिया म्हणजे विषण्णतेचा विकार, आणि इश्क त्याच्याच जातीचा रोग. लक्षणं सांगितली आहेत ती अशी. डोळे खोल जातात आणि कोरडे पडतात, रडताना तेवढे ओले होतात. पापण्यांची सारखी हालचाल चालू असते. श्वास तुटक होतो, उसासे येतात. नाडी अनियमित चालते. रोगी मन कुणावर बसलंय ते सांगत नाही, म्हणून त्यावर युक्तीही दिली आहे. वैद्याने नाडीवर बोट ठेवायचं आणि एकेक नाव घेत जायचं. कुठल्या नावाला नाडी लडखडते ते पाहायचं. मग शहर, गल्ली, घर, व्यवसाय यांची नावं त्याला जोडत जायची, म्हणजे व्यक्ती हाती लागते. इलाजही आहे. धर्माला आणि कायद्याला धरून त्या दोघांचं मीलन घडवता आलं तर तेच सर्वांत उत्तम. ते जमत नसेल तर रोग्याचं मन दुसरीकडे वळवायचं, प्रवासाला किंवा शिकारीला न्यायचं, आणि म्हाताऱ्या बायकांना बोलावून त्याच्यासमोर त्या प्रिय व्यक्तीची निंदा करवायची!

रूमीच्या ‘मसनवी’तली पहिलीच मोठी कथा याच नाडीपरीक्षेवर बेतलेली आहे. राजाच्या आजारी दासीची नाडी धरून हकीम गावांची नावं घेतो, आणि समरकंद म्हणताच ती उसळते. तिचं मन तिथल्या एका सोनारावर बसलेलं असतं. 

उर्दू गझल वाचताना हे प्रकरण मनात ठेवा. गझलेत पावलोपावली तबीब म्हणजे वैद्य, चारागर म्हणजे इलाज करणारा, दवा, मर्ज, दर्द, नाडीवरचं बोट हे का येतं, ते लगेच उलगडतं. ती नुसती कविकल्पना नाही. शायर आणि त्याचा श्रोता दोघांनाही ठाऊक असलेल्या वैद्यकाची ती भाषा आहे. ‘सौदा’ हा शब्दही त्यातलाच. शरीरातल्या काळ्या पित्ताला सौदा म्हणतात आणि ते वाढलं की वेड लागतं असं ते शास्त्र मानतं. अठराव्या शतकातल्या एका थोर उर्दू शायराने हेच आपलं टोपणनाव घेतलं. बाजारातला सौदा आणि डोक्यातला सौदा यांच्यावर शायरांनी मनसोक्त कोट्या केल्या आहेत. गझलेने वैद्यकाच्या रोगनिदानाला मान डोलावली, पण इलाज नाकारला. रोग आहे हे कबूल, बरं मात्र व्हायचं नाही. ही अट फक्त इश्कला लागू पडते. वैद्यकात मोहब्बतचं प्रकरणच नाही, त्यामुळे ती रोग कधी ठरली नाही आणि तिला बरं व्हायलाही नकार द्यावा लागला नाही.

इश्कला आणखी उंचावर नेलं फारसी सूफींनी. 1126 साली वारलेला अहमद गझाली हा प्रसिद्ध तत्त्ववेत्त्या इमाम गझालीचा धाकटा भाऊ. त्याने ‘सवानिह’ नावाची छोटी फारसी पुस्तिका केवळ इश्कवर लिहिली. तिच्यातला एक विचार थेट व्याकरणातून निघतो. ‘आशिक’ म्हणजे इश्क करणारा आणि ‘माशूक’ म्हणजे ज्याच्यावर इश्क केला जातो तो, हे दोन्ही शब्द ‘इश्क’पासून निघाले आहेत. म्हणजे आधी इश्क आणि मग ती दोन माणसं. इश्क त्या दोघांच्या आधीचा आणि त्यांच्याहून मोठा. आता मोहब्बतकडे पाहा. तिच्यापासूनही ‘मुहिब’ आणि ‘महबूब’ असे शब्द निघतात, पण त्यांच्याभोवती असं तत्त्वज्ञान उभं राहिलं नाही. उलट महबूब हा शब्द मायेचा आणि आदराचा राहिला. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांना ‘महबूबे इलाही’ म्हणजे ईश्वराचा लाडका म्हणतात. त्या जागी ‘माशूक’ शब्द घालून पाहा, कानाला लगेच खटकतं.

इथून माझा मुद्दा सुरू होतो. मोहब्बतला दोन माणसं लागतात. तिच्यात घेणं-देणं आहे, निभावणं आहे, ती कमी होते, जुनी होते, परत करता येते. म्हणूनच तिच्या शेजारी वफा, वादा, रुसवा-फुगवा हे शब्द येतात. इश्कला दुसरं माणूस असलं तर ठीक, नसलं तरी चालतं. त्याच्या शेजारी जुनून, हैरत, बेखुदी, आग आणि मृत्यू येतात. आई मुलावर मोहब्बत करते. आईच्या प्रेमाला इश्क म्हटलेलं रोजच्या उर्दूत ऐकू येणार नाही.

शेजार का महत्त्वाचा, त्याला व्याकरणाचाही आधार आहे. फारसीत दोन शब्द जोडायला मध्ये एक ‘ए’ घालतात. ‘गमे इश्क’ म्हणजे इश्कचं दुःख, ‘राहे इश्क’ म्हणजे इश्कची वाट. या जोडणीला इजाफत म्हणतात. उर्दूचा कडक नियम असा की इजाफत फक्त अरबी-फारसी शब्दांना लागते. ‘प्यार’ आणि ‘चाहत’ हे इथल्या मातीतले शब्द, त्यांना ती लागत नाही. ‘गमे प्यार’ असं लिहिणाऱ्या शायराला मुशायऱ्यात हसू मिळेल, दाद मिळणार नाही. परिणाम असा झाला की इश्कभोवती शेकडो जोडशब्दांचं गणगोत जमलं आणि प्यार बिचारा एकटा राहिला. एकेका जोडशब्दात तीन-चार शतकांची फारसी कविता भरलेली असते, आणि ती सगळी इश्कच्या वाट्याला येते. प्यार त्यामुळे हिंदी गाण्यात रमला, गझलेत पाहुण्यासारखा राहिला.

आता वजनाची गोष्ट. समीक्षक तिच्याबद्दल फारसे बोलत नाहीत, पण कागदावर शेर उतरवणाऱ्याला ती आधी सुचते. ‘मुहब्बत’ हा शब्द लघु, गुरू, गुरू असा आहे. मु, हब्, बत्. आपल्या छंदशास्त्रात हा चोख य-गण झाला. समर्थांचे मनाचे श्लोक ज्या भुजंगप्रयातात आहेत त्यात प्रत्येक ओळीला असे चार य-गण असतात, आणि उर्दूत हाच आराखडा मुतकारिब नावाने चालतो. त्या वृत्तात मुहब्बत शब्द अगदी खाचेत बसतो. ‘इश्क’ मात्र गुरू आणि लघु. छोटा, आणि शेवटी तुटणारा.

उर्दूत फार वापरलं जाणारं एक वृत्त घेऊ. मराठी गझलकार त्याची लगावली ‘गागाल गालगाल लगागाल गालगा’ अशी लिहितात. मीर आणि गालिब दोघांनीही त्यात पुष्कळ लिहिलं आहे. या चौदा मात्रास्थानांमध्ये ‘मुहब्बत’ सुटा बसवायचा तर लघुपुढे लागोपाठ दोन गुरू हवेत. ओळीत अशी जागा एकच आहे, तिसऱ्या तुकड्याची सुरुवात. ‘इश्क’ला गुरूपुढे लघु एवढंच पुरतं, आणि तशा जागा पाच सापडतात. पेन्सिल घेऊन मोजून पाहता येईल. इजाफत लागली किंवा पुढचा शब्द स्वराने सुरू होऊन ‘त’ त्याच्यात मिसळला तर मुहब्बतचं वजन बदलतं आणि आणखी वाटा उघडतात. तरीही या वृत्तात इश्क जितक्या सहज हाताला येतो तितकी मुहब्बत येत नाही. म्हणून एखाद्या शेरात इश्क दिसला की लगेच त्यात अध्यात्म शोधू नये. कधी कधी तिथे दुसरं काही मावतच नव्हतं! 

मग अर्थाने निवड झाली की वजनाने, हे ओळखायचं कसं? त्यासाठी पूर्ण शेर, जमलं तर पूर्ण गझल पाहावी लागते. आपल्या औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा सिराज यासाठी सर्वांत चांगलं उदाहरण आहे.

सिराज औरंगाबादी अठराव्या शतकातला. दक्षिणेतली उर्दू कविता वलीने जिथे आणून सोडली तिथून पुढे नेणारा. त्याने स्वतःबद्दल जे लिहून ठेवलं आहे त्यानुसार वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्यावर उन्मादाची अवस्था आली आणि ती सुमारे सात वर्षं टिकली. खुलदाबादला बुरहानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या परिसरात तो देहभान हरपून भटकत असे. त्या अवस्थेत तोंडून फारसी शेर निघत, ते कुणी टिपून ठेवले नाहीत. पुढे तो चिश्ती परंपरेतल्या शाह अब्दुर्रहमान यांचा मुरीद झाला, काही वर्षं उर्दूत लिहिलं, आणि गुरूच्या आज्ञेवरून लिहिणं सोडून दिलं.

सिराजची एक गझल आजही कव्वालीत आणि बैठकीत गायली जाते. तिच्या पहिल्या शेराचा आशय असा की इश्कच्या विस्मयाची बातमी ऐक, आता ना तो जुनून उरला ना ती परी. आजवरच्या समजुतीप्रमाणे परी दिसली की माणसाला वेड लागतं. म्हणजे परी माशूक आणि वेडा आशिक. सिराज दोघांनाही पुसून टाकतो. माशूकही नाही, वेडही नाही, आणि बातमी मात्र इश्कचीच. पुढच्या शेरांमध्ये तो बेखुदीने दिलेली नग्नता अंगावरच्या वस्त्रासारखी स्वीकारतो, बुद्धीचं पुस्तक फडताळात पडून राहतं, आणि सुखाची बाग जळाल्यावरही हृदय नावाची एक फांदी हिरवी राहते. खुलदाबादच्या त्या सात वर्षांची हकिगत ठाऊक असली की हे नग्नतेचं वस्त्र नुसता अलंकार राहत नाही.

आता चाचणी घेऊ. इश्कच्या जागी मोहब्बत घालून या गझलेचा अर्थ उभा राहतो का? नाही राहत. दोघंही नाहीशी झाल्यावर मोहब्बत कुणाची कुणावर? ‘सवानिह’मधला तो विचार, की इश्क हा आशिक-माशूक या दोघांच्याही आधीचा आहे, सिराजच्या त्या शेरात कवितेच्या रूपात पूर्ण उतरला आहे. शेजारी हैरत, बेखुदी, जुनून, बुद्धी, आग असे सगळे इश्कच्या घरचे लोक. ही निवड अर्थाची आहे. जाता जाता, या गझलेचं वृत्त ‘ललगालगा’ चार वेळा असं आहे आणि त्यात लघुपुढे दोन गुरू कुठेच येत नाहीत. त्यामुळे सुटी मुहब्बत त्यात शिरूच शकत नाही. अर्थ आणि वजन दोन्ही एकाच बाजूने बोलतात असा योग क्वचित येतो.

इश्कचा खरा विरुद्ध शब्द नफरत नाही. गझलेच्या जगात तो मान ‘हवस’ला आहे. खऱ्या आशिकाच्या शेजारी माशूकच्या दारात एक खोटा आशिक नेहमी उभा असतो, त्याला ‘बुलहवस’ म्हणतात. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, सारखेच उसासे टाकतात. फरक कळतो तो त्रास सुरू झाल्यावर. माशूकने जुलूम केला की बुलहवस काढता पाय घेतो आणि आशिक तिथेच राहतो. शायराची तक्रार अशी की माशूकला हा फरक ओळखता येत नाही, किंवा ओळखूनही तो बुलहवसलाच जवळ करतो. गालिब आणि मीर यांनी या जोडीवर कितीतरी शेर रचले आहेत. आणि आपल्याकडे हाच हवस शब्द मराठीत आला तो ‘हौस’ होऊन. तिकडे लोभ आणि वासना, इकडे नवी साडी, सहल, नातवाचं बारसं! मराठीने या बदनाम शब्दाला चांगल्या घरी दिलं. इश्कच्या वाट्याला मात्र आपल्याकडे उलटं आलं. लावणीतून तो इतका देहाचा झाला की सूफींनी त्यासाठी केलेला वाद मराठी माणसाला खोटाच वाटावा.

बाकीच्या शब्दांना थोडक्यात नमस्कार करू. ‘उन्स’ म्हणजे सवयीने, सहवासाने आलेला जिव्हाळा. तो माणसाइतकाच गावाशी, घराशी, एखाद्या प्राण्याशीही जडतो. ‘उल्फत’चं मूळ जोडण्याचं आहे. ग्रंथ संपादन करणं याला उर्दूत ‘तालीफ’ म्हणतात, तो त्याच मुळाचा. म्हणून उल्फतीत ओढीपेक्षा जुळणं जास्त. चित्रपटगीतांनी मात्र उल्फतला केवळ यमकाची सोय म्हणून इतकं वापरलं की तिचा स्वतःचा रंग धुऊन निघाला. ‘मेहर’ हा या सगळ्यांत खरा फारसी. प्राचीन इराणी देवता मिथ्र हे त्याचं मूळ, म्हणून त्याचा एक अर्थ सूर्य आणि दुसरा माया. ही माया वरून खाली येणारी, मोठ्याने लहानावर करायची. मराठीतले मेहेरबान आणि मेहेरनजर याच गोत्रातले, आणि कोर्टातल्या अर्जावर न्यायालयाच्या नावाआधी जे ‘मे.’ लिहितात तेही मेहेरबानच.

विसाव्या शतकात इश्कचा आजार बरा झाला, असं म्हणावं लागेल, आणि ते काम इकबालने केलं. त्याच्या कवितेत इश्कच्या समोर ‘अक्ल’ म्हणजे बुद्धी उभी असते. बुद्धी काठावर बसून हिशेब करते आणि इश्क उडी घेतो. 1933 साली त्याने स्पेनमधली कोर्दोब्याची मशीद पाहिली. तिच्यावर लिहिलेल्या दीर्घ कवितेत त्या दगडी वास्तूचं मूळ तो इश्कमध्ये शोधतो. झाड वाळवणारी वेल इथे इमारती बांधू लागली. त्याच इकबालची ‘मोहब्बत’ नावाची वेगळी कविता आहे आणि ती चक्क एका औषधाची पाककृती आहे. आकाशातला एक किमयागार ताऱ्याकडून चमक मागतो, चंद्राकडून डाग, रात्रीकडून थोडा अंधार, विजेकडून तडफड, देवदूताकडून नम्रता, दवबिंदूकडून गळून पडणं. हे सगळं अमृताच्या पाण्यात घोटून जे तयार होतं ते मोहब्बत. इश्क हा मूळ पदार्थ, मोहब्बत हे मिश्रण. इकबालने हा भेद मुद्दाम केला की नाही ते सांगता येत नाही, पण दोन्ही कविता समोरासमोर ठेवल्या की तो दिसतो.

फैज अहमद फैजने या दोन शब्दांचा उपयोग त्याच्या पद्धतीने केला. नूरजहाँच्या आवाजाने घरोघरी पोचलेल्या त्याच्या नज्ममध्ये प्रियेला सांगितलं आहे की जगातलं दुःख पाहिल्यावर आता पूर्वीसारखं प्रेम माझ्याकडे मागू नकोस. तिथे शब्द आहे मोहब्बत. बरोबरच आहे, मोहब्बत कमी होऊ शकते, तिची मागणी आणि नकार होऊ शकतो. पुढे ‘दस्ते सबा’ या संग्रहात त्याची ‘दो इश्क’ नावाची नज्म येते. एक इश्क प्रियेवरचा, दुसरा देशावरचा. तुरुंग, बदनामी, एकटेपणा हे सगळं देशापायी सोसलेलं, आणि देशाने काही परत दिलं की नाही याची विचारपूस नाही. हिशेब थांबला तिथे फैजने मोहब्बत बाजूला ठेवली आणि इश्क हा शब्द उचलला.

हे सगळं स्वतः तपासून पाहणं आता सोपं आहे. रेख्ताच्या संकेतस्थळावर सिराज, मीर, गालिब, इकबाल, फैज देवनागरीत वाचायला मिळतात आणि शब्दावर बोट ठेवलं की अर्थही दिसतो. तो अर्थ मात्र इश्कलाही ‘प्रेम’ आणि मोहब्बतलाही ‘प्रेम’ असाच येईल. म्हणून त्या ओळीत शेजारी कोण बसलंय ते आधी पाहा, आणि मग तिथे दुसरा शब्द घालून ओळ टिकते का ते बघा. सुरुवात सिराजपासून करा. तो आपल्याच मराठवाड्याचा आहे, आणि मराठी वाचकाने त्याला अजून म्हणावं तसं वाचलेलं नाही.